स्मदर्ड मेट नशिबाने मिळत नाही, ती पटावर आधीच दिसते

“स्मदर्ड मेट म्हणजे निव्वळ नशीब. समोरच्याच्या घोडचुकीतून ती मिळते, आधी ओळखता येत नाही. वजीर देणे हा जुगार आहे, जमला तर जमला. तसेही एकट्या घोड्याने मात होत नाही आणि चांगला खेळाडू या जाळ्यात सापडत नाही. त्या पाच चाली पाठ करून ठेवा, संधी आली की खेळा, एवढेच पुरे.”

बुद्धिबळातल्या स्मदर्ड मेटबद्दलचे हे म्हणणे मुद्द्यामुद्द्याने तपासू. पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण सगळा गैरसमज तिथूनच वाढतो. स्मदर्ड मेटमध्ये राजाला कोंडणारे मोहरे त्याचे स्वतःचेच असतात. राजाभोवतीची घरे त्याच्याच प्याद्यांनी आणि हत्तीने अडलेली असतात, आणि घोडा मोहऱ्यांवरून उडी मारून शह देतो म्हणून मध्ये आड घालायला काही उरत नाही. ही कोंडी एका चालीत तयार होत नाही. काळ्याने राजाच्या बाजूला कॅसलिंग केले, g7 आणि h7 वरची प्यादी जागची हलवली नाहीत, f-प्यादे पुढे गेले किंवा मारले गेले, आणि पांढऱ्याचा घोडा g5 वर येऊन बसला, की सापळ्याचा निम्म्याहून अधिक भाग पटावर मांडला गेलेला असतो. अशा वेळी मनात तीन प्रश्न असावेत. कोपऱ्यात गेल्यावर राजाला किती मोकळी घरे उरतील? a2 पासून g8 पर्यंतच्या कर्णावर माझा वजीर शह देत उतरू शकतो का? आणि f7 या घरावर प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या मोहऱ्याची नजर आहे? तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो, आणि माझ्या मते फसलेल्या बहुतेक प्रयत्नांचे मूळ तिथेच असते.

प्रत्यक्ष स्थिती घेऊ. पांढऱ्याचा राजा g1 वर, वजीर f1 वर, घोडा g5 वर आणि प्यादी f2, g2, h2 वर आहेत. काळ्याचा राजा g8 वर, वजीर b2 वर, हत्ती a8 वर आणि प्यादी a7, b7, g7, h7 वर आहेत. पट मांडण्याऐवजी संगणकावर पाहायचे असेल तर ही ओळ चिकटवावी:

```
r5k1/pp4pp/8/6N1/8/8/1q3PPP/5QK1 w - - 0 1
```

बळाचा हिशेब केला तर पांढरा मागे आहे: त्याच्या घोड्यासमोर काळ्याचा हत्ती आहे, शिवाय काळ्याकडे एक प्यादे जास्त आहे. तरीही चाल पांढऱ्याची असेल तर डाव पाच चालींत संपतो:

```
1. Qc4+ Kh8
2. Nf7+ Kg8
3. Nh6+ Kh8
4. Qg8+ Rxg8
5. Nf7#
```

आता जुगाराच्या आक्षेपाकडे वळू. जुगार म्हणायचा तर पुढे काय होईल हे अनिश्चित असायला हवे, म्हणून प्रत्येक चालीला काळ्याकडे किती पर्याय आहेत ते मोजून पाहू. वजीर c4 वर येऊन शह देतो तेव्हा d5, e6 किंवा f7 या घरांवर आड घालू शकेल असा काळ्याचा एकही मोहरा नाही. राजाला f8 आणि h8 अशी दोनच घरे आहेत. तो f8 वर गेला तर g5 वरच्या घोड्याच्या आधाराने वजीर f7 वर उतरतो आणि तिथेच मात होते. तो h8 वर गेला तर घोडा f7 वरून शह देतो, आणि f7 वरचा घोडा मारता येत नसल्यामुळे राजाला g8 वर परतण्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरी चाल नीट पाहण्यासारखी आहे. घोडा h6 वर जातो, तिथून स्वतः शह देतो आणि त्याच क्षणी c4 वरच्या वजिराचा कर्णही मोकळा करतो. g7 चे प्यादे घोड्याला मारू शकते असे वाटते, पण हा दुहेरी शह आहे. घोडा मारला तरी वजिराचा शह तसाच राहतो. दुहेरी शहाला राजा हलवणे हे एकच उत्तर असते. राजा f8 वर गेला तर वजीर पुन्हा f7 वर मात करतो, या वेळी h6 वरच्या घोड्याच्या आधाराने. h8 वर गेला तर वजीर थेट g8 वर जाऊन बसतो. घोडा त्या घराचे रक्षण करत असल्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. हत्तीलाच यावे लागते, आणि हत्ती आला की राजाचे शेवटचे मोकळे घरही बंद होते. मग घोडा f7 वर परततो आणि मात होते. पाच चालींत काळ्याला निवड करण्याची संधी फक्त दोनदा मिळते, आणि दोन्ही वेळा दुसरा पर्यायही मातीकडेच जातो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की वजीर देण्याआधी पांढऱ्याच्या हातात निदान बरोबरी असतेच. तिसऱ्या चालीनंतर राजा h8 वर असताना खात्री वाटत नसेल तर घोडा पुन्हा f7 वर, पुन्हा h6 वर असे शह देत राहावेत. राजा h8 आणि g8 यांच्यातच फिरत राहतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरीचा दावा करता येतो, म्हणून जिंकायचे असेल तर त्याआधी थांबायला हवे, पण एकदा फिरून येण्याने काहीही बिघडत नाही आणि तेवढ्या वेळात g8 व f7 ही दोन घरे पुन्हा तपासता येतात. मोजणी पूर्ण झाल्यावरच वजीर द्यावा. या जोडसाखळीला अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरचे नाव चिकटले असले तरी ती त्याच्याहून जुनी आहे. स्पॅनिश लेखक लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात ती आढळते.

एकट्या घोड्याबद्दलचे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. प्रतिस्पर्ध्याकडे फक्त राजा उरला असेल तर राजा आणि एक घोडा मिळून मात करू शकत नाहीत, हे निर्विवाद आहे. पण प्रतिस्पर्ध्याकडे स्वतःचे एखादे प्यादे असले की चित्र बदलते, कारण तेच प्यादे भिंतीचे काम करते. पांढऱ्याचा राजा c2 वर आणि घोडा d5 वर, काळ्याचा राजा a2 वर आणि त्याचे एकमेव प्यादे a3 वर, अशी स्थिती मांडा. घोडा b4 वरून शह देतो आणि राजाला a1 वर जावे लागते. आता पांढरा शह न देता राजा c1 वर नेतो. काळ्याच्या राजाला b1, b2 आणि a2 ही तिन्ही घरे बंद आहेत, त्यामुळे नाइलाजाने त्याला प्यादे a2 वर ढकलावे लागते, आणि घोडा c2 वर येऊन मात करतो. बुद्धिबळात याला स्टॅमाची मात म्हणतात. काळ्याकडे ते प्यादे नसते तर ही मात शक्यच नव्हती. वजीर होण्याच्या वाटेवर असलेले प्यादेच राजाच्या मुळावर येते.

घोड्याच्या इतर काही मातींत तो स्वतः शेवटचा वार करत नाही, तर पहारा देतो. अरबी मातीत राजा h8 वर असतो, हत्ती h7 वर शह देतो, आणि f6 वरचा घोडा एकाच वेळी त्या हत्तीला आधार देतो आणि g8 बंद करतो. अनास्तासियाच्या मातीत घोडा e7 वर बसून g8 आणि g6 रोखतो, g7 वर राजाचे स्वतःचेच प्यादे असते, आणि h7 वरच्या राजाला हत्ती किंवा वजीर h-स्तंभावरून शह देतो. ओळखण्याची खूण दोन्हींत सारखी आहे: राजा कडेला असेल तेव्हा त्याच्याजवळची कोणती दोन घरे घोडा एकाच जागेवरून धरू शकतो, ते शोधावे.

चांगले खेळाडू यातून सुटतात, या म्हणण्याला एक छोटासा डाव उत्तर देतो. १९५० साली पोलंडमधल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एस्टोनियन ग्रँडमास्टर पॉल केरेसने पोलिश मास्टर एदुआर्द आर्लामोव्स्कीला सहाव्या चालीत स्मदर्ड मेट केले. कारो-कान बचाव होता. काळ्याचा एक घोडा d7 वर होता, पांढऱ्याने वजीर e2 वर ठेवला, काळ्याने दुसरा घोडा f6 वर विकसित केला, आणि पांढऱ्याचा घोडा e4 वरून d6 वर गेला. e7 चे प्यादे त्या घोड्याला मारू शकत नव्हते, कारण e4 मोकळे होताच e2 वरच्या वजिराने ते राजासमोर बांधून टाकले होते. वजीर e2 वर जाऊन स्वतःच्याच उंटाची वाट अडवतो, हे विचित्र वाटते. अशी विचित्र चाल दिसली की तिचे कारण शोधावे. इथे कारण e-स्तंभात होते.

आता पाठांतराचा सल्ला, आणि याच्याशी माझे सर्वांत तीव्र मतभेद आहेत. पहिल्या स्थितीत काळ्याचा हत्ती a8 ऐवजी f8 वर ठेवा, बाकी सगळे तसेच राहू द्या. पाठ केलेल्या चालींप्रमाणे वजीर c4 वर, राजा h8 वर, घोडा f7 वर. आणि इथे हत्ती घोडा मारतो. पाठांतर करणारा खेळाडू हत्ती परत मिळतोय म्हणून वजिराने f7 वर मारतो, आणि काळ्याचा वजीर b1 वर जाऊन पांढऱ्यालाच मात करतो, कारण पांढऱ्याच्या राजालाही त्याच्याच तीन प्याद्यांनी कोंडलेले आहे. त्याच क्षणी शांतपणे पाहिले तर दिसते की हत्तीने शेवटची रांग सोडली आहे: वजीर c8 वर शह देतो, हत्तीला f8 वर परतून आड घालावे लागते, वजीर त्याला मारतो आणि मात होते.

तसेच पहिल्याच स्थितीत काळ्याचे h-प्यादे h7 ऐवजी h6 वर असेल तर f7 च्या शहानंतर राजाला h7 हे घर मिळते. साखळी तिथेच तुटते, आणि पाठ केलेल्या पुढच्या चाली कामाला येत नाहीत.