पंखावरच्या हवेला वेळ गाठायची नसते

एक मेसेज फिरत असतो : “विमानाचा पंख वरून फुगीर आणि खालून सपाट असतो. त्यामुळे वरच्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्हीकडची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचली पाहिजे, म्हणून वरची हवा जोरात धावते. वेग वाढला की दाब कमी, हा बर्नोलीचा नियम. खालचा जास्त दाब विमानाला वर उचलतो. आपल्या ओझरची सुखोईसुद्धा याच तत्त्वावर उडते!”

यातलं सगळंच चूक नाही. पंखावरची हवा खरोखर वेगानं जाते, तिथला दाब खरोखर कमी असतो, आणि बर्नोलीचा तर काहीच दोष नाही. घोळ आहे तो “पोहोचली पाहिजे” या दोन शब्दांत. पाहिजे म्हणजे कोणाला? पुढच्या कडेला हवेचे दोन शेजारी कण वेगळे झाले की त्यांना पुन्हा एकत्र आणणारं कुठलंही बल नसतं. वरच्या कणाला खालचा कुठे आहे हे कळायला मार्ग नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

हे डोळ्यांनी पाहता येतं. केंब्रिज विद्यापीठातले होल्गर बाबिन्स्की यांनी वाऱ्याच्या बोगद्यात पंखाच्या छेदावर धुराचे तुटक पट्टे सोडून त्याचं चित्रीकरण केलं आहे. वरचा धूर मागच्या कडेपाशी खालच्या धुराच्या बराच आधी पोहोचतो. पट्टा तुटतो तो तुटतोच, नंतर पुन्हा जुळत नाही. म्हणजे वरची हवा “एकाच वेळी” या अटीला लागेल त्याहून कितीतरी जास्त वेगानं जाते. दाव्यात वेग वाढण्याची दिशा बरोबर आहे, पण कारण खोटं आहे आणि त्यामुळे उत्तरही भलतंच येतं.

किती भलतं, ते आकड्यांत पाहू. सुखोई बाजूला ठेवून हिशेबाला सोपं विमान घेऊ : चार आसनी सेसना १७२. पूर्ण भरलेलं वजन सुमारे १,१११ किलो, पंखांचं क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, वेग सेकंदाला ६० मीटर धरू. नाशिकची उंची आणि ऊन लक्षात घेऊन हवेची घनता १.१ किलो प्रति घनमीटर धरू. या पंखाचा वरचा रस्ता खालच्यापेक्षा दीड-दोन टक्केच लांब असतो. उदारपणे दोन टक्के घेतले, तर दाव्याप्रमाणे वरची हवा खालच्यापेक्षा दोन टक्के वेगानं जाईल. बर्नोलीच्या सूत्रात घातल्यावर दाबातला फरक येतो सुमारे ८० पास्कल. त्याला क्षेत्रफळानं गुणलं की जेमतेम १३० किलो वजन पेललं जातं. बाकीचं विमान, इंधन आणि प्रवासी धावपट्टीवरच राहिले! प्रत्यक्षात लागतो सुमारे ६७० पास्कलचा फरक, म्हणजे आठपटीहून थोडा जास्त. गंमत म्हणजे हा फरकही नाशिकच्या वातावरणीय दाबाच्या एक टक्क्याहून कमीच आहे. विमान उचलायला प्रचंड दाब लागत नाही, मोठ्या क्षेत्रफळावर थोडासा फरक पुरतो.

आता तो फुगीरपणा. कसरतीच्या अनेक विमानांचे पंख वरून-खालून अगदी सारखे असतात, तरी ती उडतात आणि उलटीही उडतात. इतकं लांब जायचं नसेल तर संक्रांतीला येवल्यात गच्चीवर उभे राहा. पतंगाचा कागद एवढा पातळ, की वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांत फरक कसला? तरीही वारा असला की आसारीवरचा मांजा भराभर सुटतो. तिथं काम करतो तो कागदाचा वाऱ्याशी होणारा कोन. विमानाच्या भाषेत हा अँगल ऑफ अटॅक. फुगीर पंख फायद्याचा असतोच, कारण कमी कोनात आणि हवेचा कमी रोध घेऊन तो चांगली लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, देतो. पण फुगीरपणा ही उडण्याची अट नव्हे.

मग वरची हवा वेगानं का जाते? याचं कारण वळणात आहे. थोड्या कोनात धरलेल्या पंखावरून जाताना हवा त्याच्या पृष्ठभागाला धरून खाली वळते. वाहत्या हवेला वळवायचं तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि आतल्या बाजूला कमी असावा लागतो, नाहीतर ती सरळच जाईल. पंखापासून खूप वर दाब नेहमीचा वातावरणीय. तिथून पंखाकडे खाली यावं तसा तो कमी होत जातो आणि पृष्ठभागाशी सर्वांत कमी असतो. पुढून येणारी हवा या कमी दाबाच्या भागात शिरताना मागच्या जास्त दाबानं ढकलली जाते आणि वेग घेते. बर्नोलीचं सूत्र इथं चोख लागू पडतं. फक्त वेग आधी आणि दाब नंतर अशी रांग नसते, दोन्ही एकमेकांना धरून ठरतात.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून, संवेगाच्या हिशेबानं पाहता येते. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर. नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं उतरताना खालची धूळ कशी उधळते ते अनेकांनी पाहिलं असेल. त्यांची पाती म्हणजे फिरते पंखच. आपल्या सेसनाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर. एवढ्या व्यासाच्या हवेच्या गोल खांबावर ते परिणाम करतात असं मानणं हिशेबाला बरोबर बसतं. त्यातून दर सेकंदाला सुमारे सव्वासहा टन हवा जाते. १,१११ किलो पेलण्यासाठी या हवेला खालच्या दिशेनं सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास वेग दिला की झालं. माणूस झपझप चालतो साधारण तेवढाच!

इथं आणखी एक गैरसमज उगवतो, आणि तो बहुधा वरच्या मेसेजला उत्तर म्हणूनच येतो : “बर्नोली विसरा, हवा पंखाच्या पोटावर आपटते आणि विमान उचलते.” हाही हिशेबात टिकत नाही. समोर येणारी हवाच तेवढी खालच्या बाजूवर आदळते असं धरलं, तर चार अंशांच्या कोनात आपल्या सेसनाला बत्तीसेक किलोचा आधार मिळतो, म्हणजे आधीच्या दाव्याहूनही वाईट. कारण यात वरची बाजू गायब आहे. नेहमीच्या उड्डाणात लिफ्टचा निम्म्याहून जास्त वाटा वरच्या बाजूच्या कमी दाबातून येतो, आणि हवा खाली वळवण्यातही तीच बाजू पुढे असते.

“मग किती टक्के बर्नोली आणि किती टक्के न्यूटन?” असं विचारणारे भेटतात. अशी वाटणी होत नाही. पंखाच्या पृष्ठभागावरचा दाब मोजून बेरीज केली तर पूर्ण लिफ्ट मिळते. हवेच्या संवेगातला बदल पंखाभोवतीच्या सगळ्या सीमांवर नीट मोजला तरी तीच पूर्ण लिफ्ट मिळते. दोन्हींची बेरीज करणारा माणूस एकच बिल दोनदा भरतो.

समान वेळेच्या दाव्याची सर्वांत कठीण परीक्षा मात्र स्टॉलमध्ये होते. कोन वाढवत नेला की लिफ्ट वाढत जाते. पंधरा-सोळा अंशांच्या आसपास वरची हवा पृष्ठभागाला धरून वळू शकत नाही. ती सुटते, मागे भोवरे होतात आणि लिफ्ट कोसळते. चाचणीत पंखावर लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. आधी ते मागच्या दिशेला शिस्तीत पडलेले असतात, मग मागच्या कडेकडून फडफडायला लागतात आणि काही तर उलटे पुढे वळतात. पंखाचा आकार तोच असतो, वरचा रस्ताही तेवढाच लांब. लांबीवरच लिफ्ट ठरत असती, तर या क्षणी काहीच बदलायला नको होतं.