जुना पुडा बदलायचा, पण किती?

दुसरी-तिसरी पिढी धंद्यात उतरली की घरात एक विषय हमखास निघतो: आपला पुडा जुनाट दिसतो, सगळं नव्याने करूया. डिझायनर तीन पर्याय आणतो, घरातले पाच जण त्यातला एक पसंत करतात आणि काम छपाईला जातं. जी बाई तीस वर्षं तो पुडा घरी नेते आहे, तिला मधे कोणी काहीच विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या मालाला हलका बदल पुरतो, नाव-रूप सगळं बदलण्याची खरी कारणं मोजकीच असतात. पण हे मतावर ठरवू नये, तपासून ठरवावं. ती तपासणी कशी करायची ते एका नमुन्यावर दाखवतो.

समजा, सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला पन्नास वर्षं जुना कांदा-लसूण मसाला आहे. २०० ग्रॅमचा लाल पुडा, त्यावर उखळ-मुसळाचं चित्र, पेंटरने हाताने काढलेलं नाव, चारी बाजूंना पानांची नक्षी, कोपऱ्यात संस्थापकांचा फोटो आणि खाली एक घोषवाक्य. खप घटला आहे आणि घरात सगळ्यांचं बोट पुड्याकडे आहे. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

पहिलं काम वहीचं, चित्राचं नाही. एकूण खपाचे दोन तुकडे करा: माल किती दुकानांत आहे, आणि एका दुकानात महिन्याला किती पुडे जातात. पाच वर्षांपूर्वी २,००० दुकानं आणि दुकानामागे २४ पुडे, म्हणजे महिन्याला ४८,००० पुडे. आज १,५०० दुकानं आणि दुकानामागे २३ पुडे, म्हणजे ३४,५००. खप २८ टक्क्यांनी घसरला हे खरं. पण १३,५०० पुड्यांच्या घटीतले १२,००० पुडे दुकानं सुटल्यामुळे गेलेत. ज्या दुकानात माल आहे तिथे गिऱ्हाईक जवळजवळ होतं तेवढंच घेतंय. इथे नुसता पुडा बदलून गेलेला खप परत येणार नाही. वितरक का सुटला, त्याला मार्जिन किती मिळतं, गाडी किती दिवसांनी फिरते, परत आलेला माल कोण भरून देतं, हे बघावं लागेल. उलट दुकानं तेवढीच राहिली आणि दुकानामागचे पुडे २४ वरून १६-१७ वर आले, तर मग चव, भाव आणि पुडा या तिघांकडे संशयाने बघायला कारण आहे. हाच हिशेब तालुक्यागणिक आणि पॅकच्या आकारागणिक मांडा. पुष्कळदा असं दिसतं की २०० ग्रॅमचा पुडा जागेवर आहे आणि दहा रुपयांची पुडी दुसऱ्या कोणी तरी नेली आहे.

वही झाली की गोदामातले, दुकानांतले, छापखान्यातले सगळे पुडे एका टेबलावर मांडा. जुन्या मालात एक गोष्ट जवळजवळ नेहमी सापडते: एकच लाल म्हणून चार वेगळे लाल. छापखाना बदलला, फिल्म बदलली, कोणी मागच्या पुड्यावरून रंग जुळवला, पुढच्याने त्या जुळवलेल्यावरून जुळवला. पंधरा वर्षांत कुंकवाचा लाल विटकरी होऊन बसतो. घरात ज्याला ‘जुनाट’ म्हणतात ते पुष्कळदा हे घसरलेलं रूप असतं, मूळ डिझाईन नसतं.

नावाच्या अक्षरांचंही तसंच. पेंटरने काढलेल्या नावात काना थोडा बाकदार असतो, शिरोरेषा एका टोकाला जाड होते, वेलांटीला त्याच्या हाताचं वळण असतं. पुढे कधी तरी डीटीपीवाल्याकडे मूळ आर्टवर्क मिळालं नाही म्हणून त्याने जवळपासचा एखादा फाँट टाकला. जुन्या श्री-लिपीच्या फाईली दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात. मग कोणी नाव पुन्हा टाईप करतं, आणि रफार एक अक्षर इकडे-तिकडे सरकला तर तो छापून झाल्यावरच दिसतो. म्हणून छपाईसाठी काढलेली जुनी ब्रोमाईड, जुने पत्र्याचे डबे, दुकानावरची रंगवलेली पाटी, जे मिळेल ते शोधा. सगळ्यात चांगल्या छापावरून ते अक्षर हाताने ट्रेस करून घ्या. बऱ्याच मालांचं अर्धं काम इथेच होतं.

आता मुख्य चाचणी: लोक पुडा कशावरून ओळखतात? ‘आवडतो का’ हा प्रश्न विचारूच नका. समोर नवं आणि जुनं ठेवून विचारलं की माणूस नव्याला बरं म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात दुकानात उभा राहून जुनंच शोधतो. त्याऐवजी पुड्याच्या आकाराची कोरी चौकट छापलेला कागद आणि स्केचपेनं द्या आणि दोन मिनिटांत आठवेल तसा पुडा काढायला सांगा. चित्र येत नसेल तर शब्दांत लिहू द्या. हा मसाला नेहमी घेणारे ४० जण पुरतात, त्यातले निम्मे पंचेचाळिशीच्या पुढचे आणि निम्मे तिशीच्या आतले घ्या. आपल्या मसाल्याचं उत्तर समजा असं आलं: ३४ जणांनी नाव लिहिलं, ३१ जणांनी लाल रंग भरला, २६ जणांनी उखळ-मुसळ काढलं. संस्थापकांचा फोटो चौघांना आठवला, पानांची नक्षी दोघांना, घोषवाक्य एकाला. निम्म्याहून जास्त जणांनी जे काढलं ते ब्रँडचं भांडवल आहे, त्याला हात लावायचा नाही. दोघा-चौघांना आठवलेलं काढून टाकलं तर बाजारात कोणाच्या लक्षातही येणार नाही, घरात मात्र संस्थापकांच्या फोटोवरून भांडण होईल. तो फोटो पुड्याच्या मागे नीट जागा करून लावा.

या चाचणीची खातरजमा फळीवर करा. एका पुड्यावरचं नाव झाका, दुसऱ्याचा रंग बदला, तिसऱ्यावरचं उखळ काढा. एक-एक नमुना इतर मसाल्यांच्या पुड्यांमध्ये ठेवून सहा-सात फुटांवरून शोधायला सांगा. प्रत्येकाला एकच नमुना दाखवा, कारण दुसऱ्या वेळी माणूस शिकलेला असतो. कोणती गोष्ट काढल्यावर लोक थबकतात ते लगेच कळतं.

यासोबत दोन दिवस किराणा दुकानाच्या काउंटरजवळ नुसतं उभं राहून ऐका. आपल्याकडे माल पिढ्यान्‌पिढ्या छापावरून मागितला गेला आहे. वाचता न येणाऱ्या माणसासाठी चित्र हेच नाव होतं. आजही गिऱ्हाईक ‘उखळाचा मसाला द्या’ म्हणत असेल, तर रजिस्टर झालेलं नाव काहीही असो, तुमचं बाजारातलं नाव उखळ आहे. किराण्यात माल तोंडाने मागितला जातो. डी-मार्टसारख्या दुकानात तो डोळ्यांनी उचलला जातो आणि मोबाईलवर तो अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात दिसतो. त्या नखाएवढ्या चित्रात काय टिकतं तेही बघा. पानांची नक्षी तिथे नुसता मळ दिसते, उखळ मोठं केलं तर टिकतं.

ओळखीच्या गोष्टी काढल्या की काय होतं, याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा दाखला अमेरिकेतला आहे. २००९ च्या जानेवारीत ट्रॉपिकानाने संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचं चित्र काढलं, अक्षरं बदलली, नवा खोका आणला. आतला रस तोच होता. खप सुमारे २० टक्क्यांनी पडला आणि दोन महिन्यांच्या आत जुना खोका परत आणावा लागला. लोकांना आपला खोका फळीवर सापडेना.

मग संपूर्ण बदल कधी करायचा? नाव तुमच्या मालकीचं नसेल तेव्हा. भावाभावांच्या वाटण्या होऊन एकच नाव दोन घरं वापरतात, हे आपल्याकडे सर्रास घडतं. किंवा नावात फक्त गाव आणि मालाचं वर्णन असेल, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली ते नाव एकट्याचं करून घेणं कठीण जातं. नावाचा अर्थच आज नकोसा झाला असेल तेव्हाही. २०२० साली फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं ते त्यामुळे. आणि मसाल्याचं नाव घेऊन तुम्हाला अगदी वेगळ्या मालात जायचं असेल, तर जुन्याला धक्का न लावता नव्याला नवं नाव द्या. ‘तरुणांना आवडत नाही’ हे कारण या यादीत बसत नाही. त्या २० तरुणांपैकी १५ जणांनी उखळ काढलं असेल, तर ते त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे आलं आहे.

आपल्या मसाल्याचा निकाल म्हणून हलका बदल: लाल मूळ छटेवर परत, नाव जुन्या हाताचं पण स्वच्छ ट्रेस केलेलं, उखळ दीडपट मोठं, नक्षी आणि घोषवाक्य बाद.

हलका बदलही फसतो, आणि बहुधा छपाईत फसतो. संगणकाच्या पडद्यावर पाहिलेला लाल मॅट फिल्मवर दबतो, चकचकीत फिल्मवर उजळतो, म्हणून खऱ्या फिल्मवर प्रूफ घ्या आणि दुकानातल्या ट्यूबलाईटखाली बघा. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्यामुळे सिलिंडर कोरल्यावर सुचलेली सुधारणा महागात पडते. दुसरी चूक पुड्याच्या पारदर्शक खिडकीची. कांदा-लसूण मसाल्याचा रंग आणि तेलाचा ओलावा बाई खिडकीतून बघून घेते. देखणेपणासाठी ती खिडकी बुजवली तर तिचा पुरावाच गेला.

तिसरी चूक सगळ्यात घातक. पुडा बदलला की गावाकडे पहिली शंका येते ती ‘डुप्लिकेट तर नाही ना?’ ही. म्हणून दुकानदाराच्या हातात नवा पुडा आधी पोहोचवा, आणि निदान सहा महिने पुढच्या बाजूला जुन्या पुड्याचा छोटा फोटो आणि ‘मसाला तोच, पुडा नवा’ एवढं छापा. त्याच वेळी वजन २०० चं १८० करू नका, भाव वाढवू नका, मिरची बदलू नका. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर खप का हलला हे तुम्हालाही कळणार नाही, आणि गिऱ्हाईक मात्र फसवणूक झाली असंच समजेल.

कागदांचं काम छपाईआधी उरका. रजिस्टर झालेल्या चिन्हाची ओळख फारशी बदलणार नसेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५९ खाली फेरफाराचा अर्ज करता येतो. बदल मोठा असेल तर नव्या चिन्हाचा वेगळा अर्ज करा आणि जुनं चिन्ह कुठल्या तरी पॅकवर चालू ठेवा, कारण पाच वर्षांहून जास्त काळ न वापरलेलं चिन्ह रजिस्टरमधून काढून टाकण्याची मागणी दुसरा करू शकतो. नवीन चित्रकाराकडून हक्क लेखी घ्या.

नवा पुडा आधी दोनच तालुक्यांत सोडा आणि तसेच दोन तालुके जुन्यावर ठेवा. बारा आठवडे दुकानामागचे पुडे मोजा, पण तुलना मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करा. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला कुटला जातो तेव्हा पुड्याची मागणी वेगळी चालते. पहिली ऑर्डर बघून खूश होऊ नका, ती दुकानदाराने फळी भरण्यासाठी घेतलेली असते. दुसरी आणि तिसरी ऑर्डर किती दिवसांनी येते ते बघा. ती जुन्या तालुक्यांपेक्षा उशिरा येऊ लागली, तर बाकीच्या तालुक्यांची छपाई तिथेच थांबवा आणि काउंटरवर लोक काय म्हणतात ते पुन्हा ऐकायला जा.