डबल बिल आणि तीन ओळींची क्वेरी: ‘मुनीम, लातूर’ यांना उत्तर

खरेदीची चुकीची आणि दुबार बिलं पकडायला आणि मालाच्या खपाचा अंदाज बांधायला मशीन लर्निंग कसं वापरायचं, या माझ्या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया आणि तिला माझं उत्तर.

> लेख वाचला. डबल बिल पकडायला मशीन लर्निंग कशाला लागतं? तीन ओळींची एसक्यूएल क्वेरी पुरते. ९८ टक्के अचूकतेचा आकडा तर लोकांना भुलवायलाच टाकलेला दिसतो. आणि अंदाजाचं म्हणाल तर तुरीचा भाव पाऊस आणि दिल्ली ठरवतात, तुमचं मॉडेल नाही. एसीत बसून लिहिणाऱ्यांनी एकदा मोंढ्यात येऊन बिलं चढवून बघावीत.
> — मुनीम, लातूर

मुनीमजी, नमस्कार.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं बघू, कारण खरं बोचलं ते तेच. गेली अठरा वर्षं वाळूजच्या कारखान्यांपासून जालन्याच्या रोलिंग मिलपर्यंत मी खरेदीची बिलंच तपासतोय. त्यातली निम्मी वर्षं एसी सोडा, कूलरसुद्धा नशिबात नव्हता. चूक दाखवा, हक्क आहे तुमचा. पण ‘भुलवायला’ हा शब्द चूक दाखवत नाही, नियत काढतो. असो.

९८ टक्क्यांचा मुद्दा मान्य. महिन्याला ३,००० बिलं आणि त्यात १२ खोटी किंवा दुबार धरली, तर डोळे मिटून ‘सगळी बरोबर’ म्हणणाराही ९९.६ टक्के अचूक ठरतो. म्हणजे माझा ९८ चा आकडा काहीच न करण्यापेक्षा वाईट दिसतो. तो आकडा लेखातून काढतो. सांगायला हवं होतं ते एवढंच, की संशयाच्या यादीतली वरची चाळीस बिलं उघडली तर त्यातली किती खरंच चुकीची निघतात. बारीक गोष्ट आहे, पण तुमचं बरोबर.

आता तुमची तीन ओळींची क्वेरी. ती बहुतेक अशीच असणार:

```sql
SELECT vendor_id, bill_no, bill_date, amount, COUNT(*)
FROM purchase_bill GROUP BY vendor_id, bill_no, bill_date, amount
HAVING COUNT(*) > 1;
```

ही क्वेरी चारही रकाने अक्षरशः सारखे असतील तरच बोलते. आणि मुनीमजी, चारही रकाने सारखे असलेलं बिल बहुतेक ईआरपी, म्हणजे कंपनीचं हिशेबाचं आणि साठ्याचं सॉफ्टवेअर, मुळात चढवूच देत नाही, किंवा निदान इशारा तरी देतं. म्हणजे जे दारातच अडवलं जातं तेच तुम्ही घरात शोधताय. पैसे जातात ते थोडं वेगळं दिसणाऱ्या बिलात.

एक जोडी घेऊ. बेअरिंग पुरवणाऱ्याचं बिल, नंबर `SB/0457/24-25`, तारीख २५ मार्च, करपात्र रक्कम १,००,०००, १८ टक्के जीएसटी धरून १,१८,०००. मूळ कागद आला, स्टोअरच्या माणसानं तो चढवला. इकडे पुरवठादारानं पैशासाठी तगादा लावताना त्याच बिलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. तो फोटो बघून दुसऱ्यानं २ एप्रिलला नोंद केली: नंबर नुसता `457`, तारीख २ एप्रिल, रक्कम १,००,०००, कर पुढं बघू म्हणून रिकामा. वर त्या पुरवठादाराची आपल्याकडं दोन खाती, एक शाखेच्या नावानं आणि एक मालकाच्या नावानं. आता बघा, खातं वेगळं, नंबर वेगळा, तारीख वेगळी, रक्कमही वेगळी. तुमची क्वेरी गप्प बसली. आर्थिक वर्षसुद्धा बदललं, त्यामुळं जिथं तपासणी फक्त चालू वर्षापुरती लावलेली असते तिथं ईआरपीही गप्प.

ही जोडी पकडायची रीत अशी. पुरवठादाराच्या कोडवर विसंबायचं नाही. जीएसटी नंबरच्या पंधरा अक्षरांतली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनवर सगळी खाती एकत्र करायची. बिल नंबरातली सुरुवातीची अक्षरं, रेघ, तिरपी रेघ, पुढची शून्यं आणि वर्षाचं शेपूट काढून टाकायचं, म्हणजे दोन्हीकडं ४५७ उरतं. मग एका पॅनखालची, साठ दिवसांच्या आतली प्रत्येक जोडी समोरासमोर ठेवायची आणि चार गोष्टी मोजायच्या: नंबर किती जुळतात, तारखांत किती दिवसांचं अंतर आहे, रकमांचं गुणोत्तर किती आणि माल तोच आहे का. गुणोत्तर बरोब्बर १ किंवा १.१८ आलं की कान टवकारायचे. १.१८ म्हणजे एकानं करासकट चढवलं आणि दुसऱ्यानं कराविना.

इथवर तुम्ही म्हणाल, हेही क्वेरीत लिहिता येईल. येतंच की! मी कुठं नाही म्हटलं? खरी अडचण पुढं आहे. या चार गोष्टींपैकी कशाला किती वजन द्यायचं? नंबरातल्या एका अक्षराच्या फरकाला संशय म्हणाल, तर ४५७ आणि ४५८ ही एकाच पुरवठादाराची पाठोपाठची दोन खरी बिलं अडकतील. दरमहा ठरीव रकमेचं देखभालीचं बिल असेल तर रक्कमही तीच आणि फरकही एका आकड्याचा. उलट टंकताना ४५७ चं ४७५ झालं, तर बदलले दोन आकडे आणि दुबार मात्र खरं. नुसतं अक्षरांचं अंतर मोजणारी रीत इथं नेमकी उलटी चालते.

यावर उपाय त्या पुरवठादाराच्या बिलबुकातच सापडतो. त्याचे बिल नंबर तारखेसमोर मांडले तर जवळपास सरळ चढती रेघ मिळते. ५ मे ला ४५७ आणि ५ जूनला ४८९ असेल, तर ५ मे च्याच तारखेचं ४७५ त्या रेघेच्या बाहेर पडतं आणि उठून दिसतं. आणि ४५८ रेघेवर बसतं, म्हणून सुटतं. ‘रेघेपासूनचं अंतर’ हा पाचवा रकाना. तो घेतला की पाच रकान्यांची वजनं हातानं ठरवणं कठीण जातं. एक वाढवलं की दुसरीकडं खोट्या संशयांचा ढीग पडतो. ती वजनं जुन्या उदाहरणांवरून ठरवायला लावणं, एवढंच काम मी मशीन लर्निंगला दिलं होतं. त्याला लॉजिस्टिक रिग्रेशन ही वजनं ठरवायची साधी, जुनी संख्याशास्त्रीय रीतही पुरते. लेख नीट वाचला असता तर जादूचा दावा कुठंच नाही हे दिसलं असतं.

मर्यादाही सांगतो, नाहीतर परत भुलवल्याचा ठपका यायचा. शिकवायला लागणारी उदाहरणं येतात कुठून? रद्द केलेल्या नोंदी आणि वसूल केलेल्या रकमा यांतून. म्हणजे पकडली गेली तेवढीच दुबार बिलं. जी कधीच सापडली नाहीत ती शिकवताना ‘बरोबर’ म्हणूनच आत जातात. त्यामुळं मॉडेल आपल्या जुन्या तपासनिसाची नजर शिकतं आणि त्याला जे दिसत नव्हतं ते यालाही दिसत नाही. अशी सापडलेली उदाहरणं वीस-तीसच असतील तर मॉडेल शिकवूच नका. हातानं वजनं ठरवा आणि दर महिन्याच्या यादीत खऱ्या-खोट्याचा शेरा मारत चला.

उदाहरणंच नाहीत म्हणून काही जण आयसोलेशन फॉरेस्टकडं वळतात, म्हणजे उदाहरणांशिवाय इतरांहून वेगळी दिसणारी बिलं निवडणाऱ्या मॉडेलकडं. त्यात `contamination=0.02` लिहिलं की ज्या बिलांवर ते शिकवलं त्यातली दोन टक्के ते संशयित ठरवणारच. दर महिन्याला नव्यानं शिकवलं तर ३,००० बिलांमागं ६० संशयित ठरलेले, महिना धुतल्या तांदळासारखा असला तरी. एक बिल बघायला आठ मिनिटं धरा, म्हणजे आठ तास गेले. दोन-तीन महिने काहीच निघालं नाही की अकाउंटवाले यादी उघडायची बंद करतात. तिथं दोष मॉडेलचा नाही, तो आकडा वरून लिहिणाऱ्याचा आहे.

आणि सगळ्यात मोठी भिंत वेगळीच आहे. खरेदीवाल्यानं आणि पुरवठादारानं संगनमतानं पहिल्या दिवसापासून पाच टक्के जादा दर लावला असेल, तर मॉडेलच्या लेखी तोच नेहमीचा दर. त्याला बदल दिसतो, लबाडी दिसत नाही. तिथं दुसऱ्या पुरवठादाराचं कोटेशनच मागवावं लागतं.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो, तुम्ही ती विसरलात. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या पुरवठादाराला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागतं. त्यावरचा ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक, ईआरपीत साठवला तर दुबार तपासणी खरंच एका ओळीत होते, तिथं मॉडेल चालवणं म्हणजे उधळपट्टी. पण दाल मिलला छोट्या वर्कशॉपची, गाडीवाल्यांची, आडत्यांच्या पट्ट्यांची रास असते. त्यांच्याकडून आयआरएन कुठून आणणार? पुरवठादारांनी सरकारकडं दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, म्हणजे जीएसटीआर-२बी शी, मेळ घाला म्हणाल, तर ती तयार होते पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला. तोवर पैसे गेलेले असतात.

अंदाजाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुरीचा भाव सांगतो असं मी म्हटलंच नव्हतं. २१ जून २०२४ ला केंद्रानं तूर-हरभऱ्यावर साठ्याची मर्यादा लावली. तुमच्या ईआरपीतल्या कुठल्या रकान्यात ते आधी दिसलं असतं? कुठल्याच नाही. अंदाज चालतो तो बारदाना, बेअरिंग, पट्टे यांच्या खपावर, आणि तिथंही दोन खड्डे आहेत. माल संपला होता त्या महिन्याचा खप शून्य नोंदला जातो आणि मॉडेल समजतं की मागणीच नव्हती. तसंच मार्च अखेरीला ढिगानं चढवलेली बिलं मागणी म्हणून मोजली जातात. म्हणून बिलाची तारीख नाही, स्टोअरमधून माल उचलल्याची तारीख घ्यायची आणि साठा शून्य असलेले दिवस वगळायचे. मागचे बारा महिने झाकून ठेवून, ‘गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढं लागलं तेवढंच’ या साध्या अंदाजाला मॉडेल हरवतं का ते बघायचं. हरवत नसेल तर ते गुंडाळून ठेवा, मी आडवा येणार नाही.

मोंढ्यात यायचं आमंत्रण दिलंत, येईन. तोवर एक करा. तुमच्या क्वेरीत `vendor_id` च्या जागी पॅन घाला, नंबरातली सुरुवातीची अक्षरं, पुढची शून्यं, रेघा आणि वर्षाचं शेपूट काढा, `bill_date` आणि `amount` हे दोन्ही `SELECT` आणि `GROUP BY` मधून वगळा आणि गेल्या मार्च-एप्रिलच्या बिलांवर चालवा. जे निघेल ते इथंच खाली लिहा. शब्द तेवढे जरा तोलून वापरा.