शहाण्णव किलोज्यूल कोणी खाल्ले?

परवा माझ्या तोंडून दोन शब्द गेले आणि त्यांची फेड अजून चालू आहे. "उष्णता निसटते," एवढंच म्हणालो होतो.

भाचीचा प्रश्न साधा होता. इथेनॉल जळताना किती उष्णता बाहेर पडते ते बंध-एन्थाल्पीवरून, म्हणजे रेणूतला एकेक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या टेबलावरून काढा, मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहा आणि फरक का पडतो ते लिहा. मी वीस वर्षं हाच विषय शिकवतो. इतक्या वर्षांनी माणूस डोकं न वापरता अस्खलित बोलू लागतो. तिचं उत्तर आलं १२७१ किलोज्यूल, पुस्तकात होतं १३६७. "मामा, शहाण्णवचा फरक कशामुळे?" आणि मी, चपला घालता घालता, ते दोन शब्द बोललो.

कोपऱ्यातून आवाज आला, "एक मिनिट."

तो आवाज तात्यांचा. तात्या म्हणजे ताईचे सासरे. उभी हयात हिशेब तपासण्यात गेली, आता निवृत्त आहेत. पण निवृत्ती नोकरीतून असते, स्वभावातून नसते. नात्यानं ते अशा जागी आहेत की मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही, फक्त हसता येतं.

"उष्णता निसटली म्हणजे गळती झाली," तात्या म्हणाले. "गळती झाली तर मोजताना रक्कम कमी भरेल. तुमची तर शहाण्णवनी जास्त भरलीय. गल्ल्यात पैसे जास्त सापडले तर चोरी झाली असं कोण म्हणतं हो?"

मी चपला काढल्या.

माणूस बरोबर बोलत होता, हेच जास्त लागलं. शाळेत स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवतो तेव्हा अर्धी उष्णता खोलीला तापवते आणि आकडा खरोखरच कमी येतो. तिथे 'उष्णता निसटते' हे उत्तर चालतं, आणि तिथूनच ते प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात घुसतं. पुस्तकातला १३६७ मात्र बंद बॉम्ब कॅलरीमीटरमधला असतो. त्या उपकरणाला आधी बेंझोइक आम्ल जाळून, माहीत असलेल्या उष्णतेवर पारखून घेतलेलं असतं. तिथे गळतीचा हिशेब धरूनच आकडा देतात. मला हे सगळं माहीत होतं. फक्त तोंडाला माहीत नव्हतं.

"वही बघू," तात्या म्हणाले. भाचीनं वही दिली. माझ्याकडे न देता थेट त्यांच्याकडे, याची मी नोंद घेतली आहे.

वहीत अभिक्रिया होती:

C2H5OH + 3O2 → 2CO2 + 3H2O

मी समजावू लागलो. बंध तोडायला ऊर्जा लागते, तो खर्च. नवे बंध जुळताना ऊर्जा मिळते, ती जमा. इथेनॉलच्या रेणूत पाच C–H, एक C–C, एक C–O आणि एक O–H. शिवाय ऑक्सिजनचे तीन रेणू. टेबलातले भाव लावले की तोडायचा खर्च ४७२७ किलोज्यूल. पलीकडे दोन कार्बन डायऑक्साइडमधले चार C=O, दर ८०५, आणि तीन पाण्यातले सहा O–H, दर ४६३. जमा ५९९८. शिल्लक १२७१. सगळे आकडे एक मोल इथेनॉलमागे.

"मग हे वजा का लिहिलंय? शिल्लक आहे ना?"

"हिशेब रेणूंच्या वहीत लिहितात, तात्या. त्यांच्याकडून गेली म्हणून वजा."

"आणि हे सगळे बंध तुटतात? एकदम? सगळे अणू सुटे होतात?"

"नाही. ज्वाळेत तसं काही घडत नाही."

तात्यांनी चष्मा काढला. "म्हणजे न घडलेल्या व्यवहाराची नोंद."

आता याला काय सांगणार? हेस यांनी १८४० मध्ये मांडलेला नियम सांगितला. सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाटेत काहीही होवो, एकूण एन्थाल्पीतला बदल तोच राहतो. म्हणून आपण सगळ्यात सोयीची वाट कल्पायची, सगळं अणूंपर्यंत मोडायचं आणि अणूंपासून पुन्हा उभं करायचं. तात्यांनी मान डोलावली, पण ती मान पटल्याची नव्हती. संशयिताला पुढे बोलू देताना अधिकारी डोलावतात, तशी होती. वहीच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'व्यवहार काल्पनिक. तत्त्वतः मान्य.'

इथे जरा अवांतर. या टेबलांत C=O दोनदा असतो. एक ॲल्डिहाइड-कीटोनमधला साधारण, ७४३ च्या आसपास, आणि एक खास कार्बन डायऑक्साइडमधला. मुलं हमखास पहिला उचलतात. तसं केलं असतं तर चार बंधांत मिळून जवळजवळ अडीचशेनी चुकलो असतो. भाचीनं बरोबर उचलला होता. तिचं कौतुक करायला मी तोंड उघडलं तेवढ्यात तात्या म्हणाले, "शहाण्णव."

खरं उत्तर सांगायलाच हवं होतं. बंध-एन्थाल्पीचा प्रत्येक आकडा वायूसाठी असतो. वायुरूप रेणू, त्यातून सुटणारे वायुरूप अणू. आपल्या वहीतलं इथेनॉल वाफ आहे आणि पाणीही वाफ आहे. पुस्तकातला १३६७ मात्र २५ अंशांचा. तिथे इथेनॉल द्रव आहे आणि तयार झालेलं पाणीही द्रवच.

तात्या पुढे सरकले. "म्हणजे उघडणारा माल वेगळा आणि अखेरचा माल वेगळा. आणि तुम्ही दोन ताळेबंद एकमेकांशी ताडताय!"

हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे, त्यांचं नाव न घेता.

दुरुस्ती दोन नोंदींची. द्रव इथेनॉलची वाफ करायला मोलमागे सुमारे ४३ किलोज्यूल लागतात. तो खर्च आपण धरलाच नव्हता. आणि वाफेचं पाणी होताना मोलमागे ४४ मिळतात. तीन मोलांचे १३२, ती जमा धरली नव्हती. १३२ मधून ४३ गेले, उरले ८९. म्हणून मोजलेला आकडा जास्त. गळती वगैरे काही नाही, वहीत न आलेली जमा आहे. दिशा आधी बघायची आणि मग कारण शोधायचं, हे एखाद्या हिशेबनिसाला कळतं आणि मला त्या दिवशी कळलं नाही, हे इथे लिहिताना अजूनही कान गरम होतात. (ती उष्णता निसटलेली नाही.)

मला वाटलं, संपलं. मी पुन्हा चपलांकडे पाहिलं.

"शहाण्णवमधून एकोणनव्वद," तात्या म्हणाले. "सात राहिले."

मी म्हणालो, सहा हजारांच्या उलाढालीत सात म्हणजे काहीच नाही. हे मी निवृत्त हिशेब तपासनिसाला म्हणालो! त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यांनी आयुष्यात किती कारकून घरी पाठवले असतील देव जाणे.

"सात कोणाकडे आहेत?"

"सरासरीत."

"म्हणजे?"

मग मिथेन काढला. मिथेनमध्ये चार C–H, दिसायला अगदी सारखे. पण एकेक तोडू लागलो की पहिल्याला सुमारे ४३९ पडतात आणि शेवटच्याला ३३८. कारण एक हायड्रोजन गेला की उरलेला तुकडा पहिल्यासारखा राहत नाही, त्याची इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते. चौघांची बेरीज १६६३, भागिले चार, साधारण ४१६. आणि भाचीच्या टेबलातला ४१३ तर फक्त मिथेनचाही नव्हे, अशा कितीतरी रेणूंमधल्या C–H चा सरासरी भाव. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनच्या शेजारी बसलेला C–H आणि टोकाचा C–H यांना आपण एकच दर लावला. O–H चा ४६३ तर मुळात पाण्याचा. तो इथेनॉललाही तसाच चिकटवला.

"एकाच मालाचे चार भाव," तात्या हळू आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही पुस्तकात एक लिहिता."

माझा तोल इथे गेला. शेल्फवरचं दुसरं पुस्तक काढून मी त्यांच्यापुढे आपटलं. त्यात कार्बन डायऑक्साइडच्या C=O चा दर ७९९ होता. चार बंध, प्रत्येकी सहाचा फरक, झाले चोवीस. उत्तर १२७१ चं १२४७ झालं आणि सातचे एकतीस झाले. "बघा! नुसतं पुस्तक बदललं तर फरक चौपट होतो. ते सात आलेच मुळी नशिबानं. एका बंधाची चूक दुसऱ्या बंधानं झाकली म्हणून!"

आवाज चढला होता. ताई आतून डोकावली. मी हसलो.

खरं तर राग तात्यांवर नव्हता. दोन अवाढव्य रकमांची वजाबाकी आम्ही मुलांना करायला लावतो, मग चार अंकी उत्तर मागतो, आणि फरकाचं कारण एका ओळीत. ती ओळ शिकवणीच्या टिपणांतून पाठ केलेली असते आणि दोनांपैकी दोन गुण मिळवते. ती चुकीच्या दिशेची असली तरी कोण बघतं? मीही बघितलं नव्हतं.

वातावरण निवळावं म्हणून मी एक सोपं उदाहरण दिलं. ब्युटेनची साखळी मोडून फांदीचा आयसोब्युटेन केला तर? दोन्हीत तीन C–C आणि दहा C–H. तोडलेले आणि जोडलेले अगदी तेच.

तात्यांनी स्वतः मांडणी केली. पट्टीनं रेघ ओढली, दोन बाजू आखल्या, बेरजा घेतल्या. उत्तर शून्य. त्यांच्या चेहऱ्यावर दुपारपासून पहिल्यांदा समाधान दिसलं. खाली दोन रेघा मारून त्यांनी 'ताळा जुळला' असं लिहिलं.

"तात्या, खरं उत्तर शून्य नाही. सुमारे आठ किलोज्यूल बाहेर पडतात. बंध मोजून ते दिसणारच नाही, कारण हा हिशेब बंधांची नावं बघतो, रेणूचा आकार बघत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. ते पान सुकवत होते.

भाचीनं शेवटी काय लिहिलं ते मला माहीत नाही. काल सकाळी फोन आला. मी उचलला. पलीकडे काही क्षण शांतता होती, मग घसा खाकरल्याचा आवाज.

"त्या सातचं काही कळलं का?"