खुलासा: व्हॅम्पायरला दिलेलं आमंत्रण रद्द होतं का?

"एकदा घरात बोलावलं की व्हॅम्पायर कायम आत येणार. कुठल्याही सिरियलमध्ये आमंत्रण मागे घेता येत नाही."

बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात शिरू शकत नाही, या कथांमधल्या नियमाबद्दलचा हा मेसेज फोंडा, म्हापशाच्या कॉलेज ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे, कारण प्रत्येक मालिकेचा नियम वेगळा.

'ट्रू ब्लड'मध्ये घरमालकाने तोंडी आमंत्रण मागे घेतलं की व्हॅम्पायरला बाहेर पडावंच लागतं. 'बफी'मध्ये नुसते शब्द पुरत नाहीत, त्यासाठी विधी करावा लागतो. दुसऱ्या सीझनमध्ये एंजेल या व्हॅम्पायरला रोखायला तोच केला जातो.

मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा 'द व्हॅम्पायर डायरीज' असावी. तिथे आमंत्रण खरंच परत घेता येत नाही. पण "कायम" तिथेही खरं नाही, कारण बंधन घराच्या जिवंत मालकाशी जोडलेलं आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे क्लाउस या खलनायकापासून बचावासाठी स्टेफन आणि डेमन या व्हॅम्पायर साल्वातोर बंधूंचं घर नायिका एलेनाच्या नावावर होतं. कागदावर सही होताच दोघे भाऊ स्वतःच्याच घराच्या उंबरठ्याबाहेर अडकतात आणि एलेनाने बोलावल्यावरच आत येतात. त्याआधी त्यांचा मानवी नातेवाईक झॅक मेल्यावर त्या घराला जिवंत मानवी मालक उरला नव्हता, म्हणून कुठलाही व्हॅम्पायर बिनबोलावता आत शिरू शकत होता. मला हा या मालिकेतला सगळ्यांत विचारपूर्वक रचलेला नियम वाटतो.

हे प्रसंग मालिकांत उघड दाखवले आहेत, कुणीही पाहून खात्री करावी. कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. उत्तर देताना आधी मालिकेचं नाव लिहा.