चार वेळा फाटलेल्या दुधाबद्दल मुलुंडच्या ग्राहक ताईंना आमचं उत्तर

«तीन आठवड्यांत चार वेळा तुमचं दूध फाटलं, एकूण सहा पाकिटं वाया गेली. दारातली पिशवी उचलून लगेच तापवायला ठेवलं होतं, भांडंही दर वेळी वेगळं होतं. पाकिटावरची तारीख उलटलेली नव्हती. हेल्पलाइनवर सांगितलं, भांडं नीट धुवा. घरी दूध टाकणारा लाइनवाला म्हणाला, पनीर करून टाका. शेजारच्यांचं दूध मात्र त्याच दिवशी चांगलं होतं. मला सहा पाकिटं बदलून हवीत आणि असं का होतंय ते कळलं पाहिजे. पाकिटांचे फोटो जोडले आहेत. — एक ग्राहक, मुलुंड पूर्व»

नमस्कार ताई,

चूक आमची आहे, आणि सहाही पाकिटांची भरपाई तुम्हाला मिळेल. हेल्पलाइनवरून जे उत्तर दिलं गेलं त्याची मला लाज वाटते. भांड्याला जुन्या दुधाचा आंबट अंश राहिला तर नवं दूध फाटू शकतं, हे खरं आहे. पण तुम्ही सांगितलेलं नीट ऐकून घेतलं असतं, तर दूध तुमच्या दारात येण्याआधीच बिघडलं होतं हे पहिल्याच फोनला कळलं असतं.

तुम्ही रिकामी पाकिटं जपून ठेवलीत आणि फोटो पाठवलेत, म्हणूनच मूळ सापडलं. आम्ही रात्री दूध पॅक करतो, ते दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे येतं आणि त्यावर त्याच्या पुढच्या दिवसाची तारीख असते. म्हणजे १३ तारखेला सकाळी आलेल्या पाकिटावर १४ तारीख हवी. तुमच्या पहिल्या फोटोत १३ तारखेला आलेल्या पाकिटावर १३ आहे. बाकीच्या तीन दिवसांचे फोटो लावून पाहिले, तिथेही तसंच. चारही दिवस तुम्हाला आदल्या दिवशीचा, न खपलेला माल मिळाला होता. शेजारच्यांच्या वाट्याला मात्र त्या दिवशीचं ताजं पाकीट आलं असणार.

तारीख उलटली नव्हती, मग दूध फाटलं का? कारण ती तारीख एका अटीवर छापलेली असते. ती अट पाकिटावर बारीक अक्षरांत असते: ८ अंशांच्या खाली ठेवा. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच ४ अंशांपर्यंत गार केलं जातं. त्यात रोगजंतू मरतात, पण सगळेच जंतू मरत नाहीत. उष्णता सोसणारे काही उरतात. थंडीत ते जवळपास निपचित असतात, पण मुंबईच्या हवेत ३० अंशांवर त्यातल्या काहींची संख्या तासाभरात दुप्पट होऊ शकते. ते दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. नंतर पाकीट पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं तर वाढ मंदावते, पण तयार झालेलं आम्ल कुठे जात नाही. आणि आम्ल थोडं असेल तर दूध चवीला आंबट लागत नाही, वासही येत नाही, दिसायलाही ते चांगलंच असतं. गॅसवर चढलं की मात्र फाटतं.

हे नुसत्या अंदाजावर सोडायचं नव्हतं. आम्ही प्रत्येक बॅचची काही पाकिटं प्लांटमध्ये ४ अंशांवर राखून ठेवतो. तुमच्या शेवटच्या पाकिटाच्या बॅचमधली अजून शिल्लक होती. परीक्षानळीत ५ मिलिलिटर दूध घेऊन ती पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरली. दूध फाटलं नाही, आम्लता ०.१४ टक्के आली, म्हणजे ताज्या दुधाइतकीच. मग तापमान नोंदवणारं छोटं यंत्र एका क्रेटमध्ये ठेवून ते तुमच्या भागात पाठवलं. टेम्पोतून क्रेट उतरले तेव्हा पहाटे चारला ६ अंश होते. त्यानंतर क्रेट फुटपाथवर, पिशव्या लावेपर्यंत दोन तास. सकाळी साडेआठला न खपलेल्या पाकिटांत २२ अंश. तिथून ती दुकानाच्या फ्रिजमध्ये गेली आणि गार झाली. रात्री अकराला तो फ्रिज बंद झाला आणि पहाटे पाचला सुरू झाला, तोवर आकडा पुन्हा १७ वर गेला होता. तीच पाकिटं सकाळी ताज्या मालात मिसळून पिशव्यांत भरली गेली. आम्ही त्यातलं एक परत आणून तपासलं. आम्लता ०.२१ टक्के होती आणि परीक्षानळीत दुधाच्या गुठळ्या झाल्या. तारीख मात्र तेव्हाही शिल्लक होती.

हे वाचून लाइनवाल्यावर राग येईल, पण तो दोष मी त्याच्यावर टाकणार नाही. न खपलेलं पाकीट आम्ही परत घेत नव्हतो. त्याचं कमिशन पाकिटामागे थोडकं, त्यामुळे पाच-सहा पाकिटं उरली की त्याची दिवसाची कमाई गेली. असा नियम आम्हीच केला आणि त्याने कालचं दूध टाकून द्यावं अशी अपेक्षाही आम्हीच ठेवली. या महिन्यापासून तुमच्या भागातली उरलेली पाकिटं सकाळी दहाच्या आत टेम्पो परत नेतो आणि लाइनवाल्याला पूर्ण पैसे मिळतात. ते दूध पुन्हा विक्रीला जात नाही. आधी पहाटे चारला उतरणारे क्रेट आता पाचला, लाइनवाला हजर असतानाच उतरतात, आणि फुटपाथवर झाकायला जाड इन्सुलेटेड कव्हर दिलं आहे. फुटपाथची अडचण त्याने पूर्ण सुटत नाही. क्रेटच्या कडेची आणि वरची पाकिटं मधल्या पाकिटांआधी तापतातच, मे आणि ऑक्टोबरमध्ये तर फार लवकर. म्हणून ते यंत्र दर आठवड्याला वेगवेगळ्या लाइनवर फिरत राहील.

पनीरबद्दल कळकळीने सांगतो, कृपया करू नका. लिंबू पिळून आपण चांगलं दूध फाडतो. आपोआप फाटलेल्या दुधात कोणते जंतू वाढलेत हे घरी कळत नाही, आणि काहींचं विष उकळूनही जात नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ते दूध अजिबात वापरू नका.

पुढे कधी शंका आली तर वाटीभर दूध आधी वेगळं तापवून बघा, म्हणजे पातेलंभर जाणार नाही. कालच्या उरलेल्या दुधात नवं पाकीट ओतू नका. आणि सकाळी आलेल्या पाकिटावर त्याच दिवसाची तारीख दिसली तर ते उघडूच नका, लाइनवाल्याला परत द्या. तो बदलून देईल, तसं त्याला सांगितलं आहे.

भरपाईचं असं ठरवलं आहे. सहा पाकिटं एकदम दिली तर तुमच्या फ्रिजमध्येच पडून राहतील, म्हणून पुढचे सहा दिवस रोजच्या दुधासोबत एक ताजं पाकीट जास्त येईल. त्याऐवजी पैसे हवे असतील तर पाकिटावरच्या नंबरवर तसं सांगा, त्याच दिवशी देऊ. पुरावा म्हणून काही मागितलं जाणार नाही, तुमचे फोटो आमच्याकडे आहेत. आमच्या उत्तराने समाधान झालं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याचा तुम्हाला हक्क आहे. तशी वेळ आली तर यंत्राच्या नोंदी आणि तपासणीचे आकडे मी स्वतः त्यांच्यासमोर ठेवीन.

मुलुंड पूर्वच्या इतर ग्राहकांनाही विनंती आहे. गेल्या महिन्यात तुमचंही दूध असं फाटलं असेल आणि तुम्ही ते निमूटपणे ओतून दिलं असेल, तर तारीख आणि साधारण किती पाकिटं एवढं कळवा. रिकामं पाकीट नसलं तरी चालेल, भरपाई तुम्हालाही मिळेल.