पहिल्या बाकाने डोकेदुखी जात नाही

पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर: ‘मुलाचं डोकं दुखत असेल तर वर्गशिक्षिकेला एवढंच लिहा की नंबर असावा, पहिल्या बाकावर बसवा. फळा वाचता आला की डोळे ठीकच. शाळेत तपासणी होतेच, वेगळी कशाला? आणि लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढतच जातो.’

फळ्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. उणे नंबराच्या मुलाला लांबचं पुसट दिसतं. ते डोळे बारीक करतं, शेजारच्या वहीतून उतरवून घेतं. पण त्याचं डोकं दुखेलच असं नाही. डोळ्यांमुळे होणाऱ्या डोकेदुखीची तक्रार जास्त करून अधिक नंबर, सिलिंडरचा नंबर किंवा जवळ बघताना दोन्ही डोळे नीट आत न वळणं यांतून येते. अधिक नंबराचं मूल डोळ्याच्या आतल्या स्नायूवर ताण देऊन भिंगाचा आकार बदलतं आणि स्पष्ट बघतं. दहाव्या वर्षी ही ताकद भरपूर असते, त्यामुळे ते तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवतं. मात्र अर्धा-पाऊण तास वाचन-लेखन झालं की कपाळ ठणकायला लागतं. त्याला पुढे बसवून उपयोग नाही, कारण ताण फळ्याचा नाही, वहीचा आहे.

शाळेतल्या तपासणीची मर्यादाही हीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येतं आणि चांगलं काम करतं; पण शंका असलेली मुलं बाजूला काढणं एवढाच त्याचा हेतू आहे. स्नायूचा ताण सैल केल्याशिवाय लपलेला अधिक नंबर पकडता येत नाही. त्यासाठी डोळ्यांत थेंब घालून तपासावं लागतं, आणि ते नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्र विभागात किंवा खासगी नेत्रतज्ज्ञाकडे होतं. सायक्लोपेंटोलेटच्या थेंबांचा असर साधारण दिवसभर राहतो, अ‍ॅट्रोपिनचा आठवडाभर किंवा जास्तही. तेवढे दिवस जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. हे शिक्षिकेला आधी कळवलं नाही, तर ‘लिहीत नाही’ म्हणून मूल बोलणी खातं.

पुढची जागा मागूच नये असं नाही, ती तात्पुरती मागावी. समजा मुलीची नजर 6/18 आहे. म्हणजे चांगल्या नजरेला 18 मीटरवरून दिसणारं अक्षर तिला 6 मीटरवरून दिसतं. शेवटचा बाक फळ्यापासून 7 मीटरवर असेल, तर तिथून इतरांना जेमतेम दिसणारं अक्षर वाचायला तिला साधारण सव्वादोन मीटरवर यावं लागेल. पहिला बाक तिची अडचण भागवतो आणि त्याच वेळी झाकूनही टाकतो. म्हणून चष्मा आल्यावर तिला मागच्या बाकावरून, एकेक डोळा झाकून, फळा वाचायला लावावा. तिथून दिसत नसेल तर नंबर पुन्हा तपासून घ्यावा.

चष्म्याने नंबर वाढतो हे खरं नाही. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते, म्हणून उणे नंबर वाढतो. 2002 साली मलेशियातल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर त्यात पूर्ण नंबराच्या मुलांपेक्षा जास्त वाढला होता.

आता चिठ्ठी. ‘नंबर असावा’ हा अंदाज शिक्षिकेच्या काही कामाचा नाही. तिला हे लागतं:

‘आदरणीय मॅडम, पाचवी ब मधल्या आमच्या मुलीचं तीन आठवड्यांपासून कपाळ दुखतं. शाळेच्या दिवशी चौथ्या तासानंतर सुरू होतं, रविवारी दुखत नाही. ताप, उलटी नाही. मंगळवारी मेडिकलला डोळ्यांची तपासणी आहे. थेंबांमुळे बुधवारी तिला वाचता-लिहिता येणार नाही, त्या दिवशी सूट द्यावी. चष्म्याचं ठरेपर्यंत मधल्या रांगेत पुढे बसवावं. डोळे बारीक करते का, वाचताना ओळ चुकते किंवा एक डोळा झाकते का, आणि दुखणं कोणत्या तासाला सुरू होतं, हे सोमवारपर्यंत डायरीत लिहून द्याल का?’

ही डायरी डॉक्टरांना दाखवा. मधली रांग मागितली आहे, कारण कडेच्या बाकावरून फळा चमकतो. नागपुरात जूनअखेर शाळा उघडते तेव्हाही उकाडा असतो. पाण्याची बाटली भरलेलीच घरी येत असेल किंवा सकाळचा नाश्ता चुकत असेल, तर तेही आधी सुधारून बघा.

डोकेदुखीने पहाटे जाग येणं, सकाळी उलट्या, एकाचे दोन दिसणं, अचानक आलेला तिरळेपणा किंवा चालताना तोल जाणं, यांतलं काहीही दिसलं तर जागेची आणि चष्म्याची वाट न बघता त्याच दिवशी मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि डोळ्याचा पडदाही तपासायला सांगा.